दोन पावत्या आणि एक कटमिती

आमच्या घरात आवाज चढवून कोणी बोलत नाही. दुकानात दिवसभर भावावरून घासाघीस चालते, पण उंबरठ्याच्या आत पैशाविषयीचे बोलणे नेहमी हळू आवाजातच झाले. म्हणूनच एप्रिल 2024 मधल्या एका संध्याकाळी माझ्या धाकट्या भावजयीने दोन कागद माझ्यासमोर ठेवून अगदी शांतपणे एक प्रश्न विचारला, तेव्हा तो मला फार मोठ्याने विचारल्यासारखा वाटला. ती म्हणाली, "दादा, बँक एक, दर एक, मुदत एक, आणि दोन्हीकडे भरलेले पैसेही सहा लाखच. मग तुमच्या मुलीला साडेआठ लाख आणि माझ्या मुलीला सव्वासात लाखही पुरते नाहीत, हे कसे?"

मागची हकीकत अशी. जुन्या मोंढ्यातले आमचे भुसार मालाचे दुकान आम्हा दोघा भावांच्या भागीदारीत आहे आणि वाटा निम्मा-निम्मा आहे. एप्रिल 2019 मध्ये आम्ही ठरवले की दोघांच्या मुलींच्या शिक्षणासाठी प्रत्येकाने आपापल्या भांडवलातून सहा लाख रुपये वेगळे काढावेत. मी माझे सहा लाख एकदम उचलले आणि शहरातल्याच एका बँकेत पाच वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवले. दर सात टक्के होता आणि व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवले जाणार होते. त्याच वेळी हंगामाचा माल भरायचा असल्याने दोघांनीही एकदम रक्कम काढली असती तर दुकान अडले असते. म्हणून भावाने त्याच बँकेत, त्याच दराने, महिना दहा हजारांची आवर्ती ठेव सुरू केली. साठ हप्ते, म्हणजे सहा लाख. टाळेबंदीत दुकान बंद होते तेव्हाही त्याचा एकही हप्ता चुकला नाही.

पाच वर्षांनी माझ्या ठेवीचे 8,48,867 रुपये झाले आणि भावाच्या ठेवीचे 7,19,328. फरक 1,29,539 रुपयांचा. भावजयीच्या प्रश्नात आरोप नव्हता, परंतु ती जागा रिकामी होती आणि तिथे आरोप कधीही येऊन बसू शकला असता. दुकानाचे हिशेब मी पाहतो. दोन्ही अर्ज मीच भरले होते.

मी घाईने म्हणालो, "आवर्ती ठेवीत व्याज कमीच मिळते." हे उत्तर चुकीचे होते, आणि ते चुकीचे आहे हे मला ओसरीवर बसलेल्या अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सांगितले. अण्णांचे वय चौऱ्याऐंशी. त्यांचा बँकेशी संबंध पूर्वीच्या स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या काळापासूनचा. ती बँक 1 एप्रिल 2017 रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली तरी त्यांच्या तोंडी जुनेच नाव आहे. ते म्हणाले, "व्याज कमी मिळालेले नाही. पैसे कमी दिवस राहिले आहेत. कटमिती काढ."

कटमिती हा शब्द आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. एखाद्या खात्यावर वेगवेगळ्या मित्यांना रकमा जमा होत असतील, तर प्रत्येक रकमेला ती जितका काळ राहिली त्या काळाने गुणायचे, सर्व गुणाकारांची बेरीज करायची आणि व्याज एकदाच त्या बेरजेवर आकारायचे. रुपये आणि काळ यांची ही एकत्र मोजणी आहे. तिला सोयीसाठी 'रुपये-महिने' म्हणू. एक रुपया एक महिना राहिला की एक रुपया-महिना झाला.

अण्णांनी सांगितले तसे मी मांडले. माझे सहा लाख पूर्ण साठ महिने बँकेत होते. सहा लाख गुणिले साठ म्हणजे तीन कोटी साठ लाख रुपये-महिने. भावाचा पहिला दहा हजारांचा हप्ता साठ महिने राहिला, दुसरा एकोणसाठ, तिसरा अठ्ठावन्न, असे करत शेवटचा हप्ता फक्त एक महिना राहिला. साठपासून एकपर्यंतची बेरीज 1,830 येते. दहा हजारांनी गुणले की एक कोटी त्र्याऐंशी लाख रुपये-महिने. दोन्हीकडे सहा लाख भरले हे खरे, पण भावाच्या रुपयांनी माझ्या रुपयांच्या जवळपास निम्माच काळ काम केले. द.सा.द.शे. सात दराने एक लाख रुपये-महिन्यांना सरळ व्याज 583 रुपये पडते. माझ्या बाजूला ते 2,10,000 येते आणि भावाच्या बाजूला 1,06,750. प्रत्येक रुपया-महिन्याला दोघांनाही सारखेच मिळाले.

मात्र पावत्यांवरचे आकडे याहून मोठे होते, कारण बँक चक्रवाढ देते. ती कशी चढते हे आवर्ती ठेवीत पाहणे उद्बोधक आहे. वर्षाला सात टक्के म्हणजे तिमाहीला पावणेदोन टक्के. मुदत ठेवीत पहिल्या तिमाहीचे व्याज 10,500 आले, ते मुद्दलात मिळाले आणि दुसऱ्या तिमाहीचे व्याज 6,10,500 रुपयांवर 10,684 आले. आवर्ती ठेवीत पहिल्या तिमाहीत तीन हप्ते पडतात. पहिला तीन महिने राहतो, दुसरा दोन, तिसरा एक. मिळून साठ हजार रुपये-महिने, आणि त्यांचे सरळ व्याज 350 रुपये. बँकांच्या रूढ सूत्रात तिमाहीच्या आतल्या महिन्यांचा हिशेबही चक्रवाढीनेच धरतात, म्हणून ते 349 येते. दुसऱ्या तिमाहीत आधीच्या 30,349 रुपयांवर पूर्ण पावणेदोन टक्के, म्हणजे 531 रुपये, आणि नव्या तीन हप्त्यांचे पुन्हा 349. पुढे याच रीतीने. आपल्या पासबुकातले पहिल्या दोन तिमाहींचे आकडे असे पडताळून पाहावेत. ते जुळले तर पुढचे सहसा जुळतात.

भावजयीला मात्र हे सारे एका गोष्टीने पटले. मी तिला आवर्ती ठेव साठ लहान मुदत ठेवींत फोडून दाखवली. पहिल्या दहा हजारांचे पाच वर्षांत 14,148 झाले. माझ्या सहा लाखांतल्या प्रत्येक दहा हजारांचेही तितकेच झाले आहेत. मधला, म्हणजे एकतिसावा हप्ता अडीच वर्षे राहिला आणि 11,894 झाला. शेवटचा महिनाभरच राहिला आणि 10,058 झाला. साठही हप्त्यांची बेरीज 7,19,328. म्हणजे आवर्ती ठेव हा वेगळा, हलका माल नसून एकाच मालाच्या साठ गोण्या वेगवेगळ्या दिवशी गोदामात आल्या, इतकेच.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ज्याच्या हातात आज एकरकमी पैसे आहेत, त्याने ते बचत खात्यात पडू देऊन त्यातून महिन्याला हप्ता कापून देणे तोट्याचे आहे, कारण हप्त्याची वाट पाहणाऱ्या रुपयांना तोवर बचत खात्याचेच व्याज मिळते. ज्याच्या हातात पैसे महिन्याच्या महिन्याला येतात, त्याच्यापुढे निवडीचा प्रश्नच नसतो. डाकघराच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचेही असेच आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून तिचा दर 6.7 टक्के झाला. त्या दराने दरमहा दहा हजारांचे पाच वर्षांनी 7,13,659 होतात. या आकड्याची तुलना करायची तर ती दुसऱ्या आवर्ती ठेवीशीच करावी, एकरकमी ठेवीच्या आकड्याशी नव्हे.

इथवर आल्यावर भाऊ बोलला. तो म्हणाला, "दादा, तुझ्या ठेवीवर दरवर्षी कर कापला गेला, माझ्या ठेवीवर नाही. मग तो फायदा तरी धर." आमच्या दोघांच्याही मनात इतकी वर्षे हाच समज होता, आणि खरी चूक इथे होती.

त्या पाच वर्षांत नियम असा होता की एका आर्थिक वर्षात एका बँकेतले व्याज चाळीस हजारांच्या वर गेले की बँकेने दहा टक्के उद्गम कर, म्हणजे टीडीएस, कापायचा. 2020-21 मध्ये करोनामुळे हा दर काही महिने साडेसात टक्के होता. माझ्या ठेवीचे पहिल्याच वर्षाचे व्याज 43,115 झाले, त्यामुळे मला पहिल्या वर्षापासून कपात दिसली. भावाच्या ठेवीवर पहिल्या वर्षी 4,621, दुसऱ्या वर्षी 13,577, तिसऱ्या वर्षी 23,175 आणि चौथ्या वर्षी 33,464 रुपये व्याज झाले. चारही वर्षे ते मर्यादेच्या आत होते. पाचव्या वर्षी मात्र ते 44,491 झाले आणि बँकेने 4,449 रुपये कापले. चार वर्षे कपात नव्हती म्हणून आवर्ती ठेवीला कर नाही असे त्याने मानले. 1 जून 2015 पूर्वी आवर्ती ठेवीला टीडीएस खरोखरच लागू नव्हता. त्या काळची आठवण अनेक घरांत अजून टिकून आहे. परंतु कपात आणि कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपात मर्यादेनंतर होते. कर पहिल्या रुपयापासून असतो, फक्त तो आपण स्वतः विवरणपत्रात दाखवून भरायचा असतो.

आमच्या कर सल्लागारांनी भावाला समजावले की ठेवीचे व्याज दाखवण्याच्या दोन रीती आहेत. एक, दरवर्षी जितके व्याज चढले तितके त्या वर्षी दाखवणे. दुसरी, हातात आले त्या वर्षी सगळे एकदम दाखवणे. दोन्ही चालतात, पण एक रीत धरली की तीच पाळायची. दर वर्षी सोयीप्रमाणे बदलायची नाही. भावाने इतर व्याजही नेहमी हाती आल्यावरच दाखवले होते, म्हणून त्याच्यासाठी दुसरी रीत योग्य ठरली. मात्र तिची किंमत अशी की पूर्ण 1,19,328 रुपये एकाच वर्षाच्या उत्पन्नात आले. वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून 20.8 टक्के कर पडतो, म्हणजे 24,820 रुपये. कापलेले 4,449 वजा जाता उरलेले 20,371 त्याला स्वतः भरावे लागले. उत्पन्न टप्प्याच्या काठावर असते तर त्यातला काही भाग तीस टक्क्यांतही गेला असता. ज्याचे उत्पन्न असे काठावर आहे, त्याला दरवर्षी थोडे थोडे व्याज दाखवणेच हिताचे. विवरणपत्र भरण्यापूर्वी वार्षिक माहिती पत्रक उघडून पाहिले तर बँकेने आपल्या नावावर किती व्याज कळवले आहे ते दिसते. ते आणि आपला आकडा जुळत नसेल तर प्रश्न पुढे येणारच असे समजावे.

मीही त्याच वीस टक्क्यांच्या टप्प्यात होतो. माझ्या 2,48,867 रुपये व्याजावर एकूण कर 51,764 झाला. टीडीएस त्यापैकी निम्म्याहूनही कमी होता, बाकीचा मी दरवर्षी भरत आलो होतो. कर जाता माझ्या हाती व्याजाचे 1,97,103 राहिले आणि भावाच्या हाती 94,508. रकमा वेगळ्या, पण प्रत्येक शंभर रुपये व्याजातून दोघांचेही 20.80 गेले. सात टक्के दर तिमाही चक्रवाढीने वर्षाला 7.19 टक्के होतो. त्यातून 20.8 टक्के कर वजा केला की 5.69 टक्के उरतात. मुदत ठेव असो वा आवर्ती, हा करोत्तर परतावा तोच.

तो बदलतो कशाने? ठेव कोणाच्या नावावर आहे याने. ज्याला करच लागत नाही त्याला त्याच पावतीवर पूर्ण 7.19 टक्के मिळतात, तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्याला 31.2 टक्के कर जाऊन 4.94 टक्के. हे कळल्यावर पहिला विचार पत्नीच्या किंवा लहान मुलांच्या नावावर ठेव करण्याचा येतो. पण पतीने दिलेल्या पैशाचे पत्नीच्या नावावरचे व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते, आणि अज्ञान मुलांचे आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्यात. आई-वडिलांना दिलेल्या पैशाला तसे बंधन नाही, मात्र ते पैसे मग खरोखर त्यांचे होतात. अण्णा हसून म्हणाले, "माझ्या नावावर ठेवाल तर खर्च मी ठरवीन."

1 एप्रिल 2025 पासून बँक ठेवींवरील टीडीएसची मर्यादा पन्नास हजार झाली आहे, आणि साठी उलटलेल्यांसाठी एक लाख. त्यामुळे कपात न दिसणाऱ्या ठेवी वाढतील आणि भावासारखा समज होण्याचा धोकाही वाढेल. आणखी एक बारीक गोष्ट. आम्ही दोघांनी टीडीएस बचत खात्यातून वळता करण्यास बँकेला सांगितले होते, म्हणून पावतीवरची अंतिम रक्कम जशीच्या तशी मिळाली. अनेकदा कपात ठेवीतल्या व्याजातूनच होते. तसे झाले की पुढची चक्रवाढ घटलेल्या रकमेवर चालते आणि मुदतीअखेर पावतीवर छापलेल्यापेक्षा कमी पैसे हाती येतात. ती बँकेची चूक नसते.

हिशेब पुरा झाला असे मला वाटले. मी कागद आवरू लागलो, तेव्हा अण्णा म्हणाले, "थांब. त्याचे रुपये पाच वर्षे बँकेत नव्हते हे तू दाखवलेस. मग ते कुठे होते?"

हा प्रश्न मी स्वतःला कधीच विचारला नव्हता. ते रुपये दुकानात होते. माझे सहा लाख एप्रिल 2019 मध्येच दुकानाबाहेर पडले. भावाचे महिन्याला दहा-दहा हजारांनी बाहेर पडले आणि उरलेले तोवर आमच्या तुरीच्या, हरभऱ्याच्या गोण्यांत फिरत राहिले. तीन कोटी साठ लाखांतून एक कोटी त्र्याऐंशी लाख वजा केले की एक कोटी सत्त्याहत्तर लाख रुपये-महिने उरतात. इतका काळ त्याचे पैसे दुकानाने वापरले. सात टक्क्यांनी त्याचे सरळ व्याज 1,03,250 रुपये. ते त्याच्या भांडवल खात्यावर कधीच जमा झाले नव्हते.

कायद्याने ते देणे नव्हते. भागीदारी कायदा 1932 चा आहे आणि त्यानुसार भांडवलावर व्याज तेव्हाच मिळते जेव्हा भागीदारांनी तसे ठरवलेले असते. आमच्या करारपत्रात ते कलम नव्हते. दोघांचे भांडवल सारखे होते तोवर त्याची गरजही नव्हती. ज्या दिवशी मी सहा लाख उचलले आणि त्याने उचलले नाहीत, त्या दिवशी गरज निर्माण झाली, आणि ती माझ्या लक्षात आली नाही. भावजयीचे गणित चुकले होते, पण तिची शंका अगदीच निराधार नव्हती.

मी म्हणालो, "मग दुकानाने त्याला एक लाख तीन हजार द्यावेत." अण्णांनी मान हलवली. "दुकान निम्मे त्याचेच आहे. ते व्याज दिले असते तर नफा तितका कमी झाला असता, आणि त्यातला निम्मा तोटा त्याच्याच वाट्याला आला असता. त्याच्या पैशाने कमावलेला निम्मा नफा त्याला मिळालेलाच आहे. उरलेला निम्मा तू घेतलास." 1,03,250 चे निम्मे 51,625.

भाऊ नको नको म्हणाला. भावजय काहीच बोलली नाही, पण तिने दोन्ही पावत्या एकावर एक ठेवून एकाच पाकिटात घातल्या, आणि मला ते पुरेसे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या भांडवल खात्यावर 51,625 रुपये नावे टाकले आणि त्याच्या खात्यावर जमा केले. त्याच महिन्यात वकिलांकडून करारपत्रात कलम घातले की यापुढे भागीदारांच्या भांडवलावर सात टक्के सरळ व्याज आकारले जाईल. आयकर कायदा करारपत्रात नमूद असलेल्या अशा व्याजाला बारा टक्क्यांपर्यंत खर्च म्हणून मान्यता देतो, त्यामुळे दुकानाच्या हिशेबातही ते बसले.

आता दरवर्षी लक्ष्मीपूजनाला नवी वही सुरू होते, तेव्हा दोघांच्या भांडवल खात्यांची कटमिती आम्ही दोघे मिळून मांडतो. संगणक ती क्षणात काढून देतो. तरी एकदा ती हाताने करतो आणि भावजय शेजारी बसून बेरीज तपासते.